नुसतं ‘??’ आलं तर काय समजायचं?

*“मी चाकणच्या एका कारखान्यात डिस्पॅचचं काम बघते. आमचे सर व्हॉट्सॲपवर बऱ्याचदा नुसतं ‘??’ पाठवतात, कधी ‘?????’. शब्द एकही नाही. माझ्या पोटात गोळा येतो आणि मी आधी ‘सॉरी सर’ लिहून टाकते. परवा त्यांनीच विचारलं, सॉरी कशाबद्दल? आई गावाहून ‘!!!!!!’ पाठवते, ते कौतुक की टोमणा तेच कळत नाही. मैत्रिणीला मी एकदा नुसतं ‘?’ पाठवलं तर ती दोन दिवस बोलली नाही. वर मुलाच्या शाळेकडून प्रश्नचिन्हांची अख्खी ओळ येते. माणसं शब्द का लिहीत नाहीत? की मीच फार मनाला लावून घेते?” — एक वाचक, पुणे जिल्हा*

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य सरांचं आहे. ‘सॉरी कशाबद्दल?’ असं ज्यांना विचारावं लागलं, त्यांच्या डोक्यात तुमची चूक नव्हतीच. त्यांना काहीतरी वेगळं हवं होतं, आणि ‘सॉरी’ आल्यामुळे ते मिळालं नाही ते नाहीच. तुम्ही ‘??’ वाचलंत ते राग म्हणून, त्यांनी पाठवलं होतं ते बहुधा चौकशी म्हणून.

यात एक गृहीत लपलेलं आहे: चिन्हं जितकी जास्त, तितका पारा वर. ते पुष्कळदा चुकतं. मोबाइलवर एक प्रश्नचिन्ह टाकायला जेवढे कष्ट, त्याहून जेमतेम जास्त पाच टाकायला. अंगठा तिथेच असतो. काही माणसं मुळात एक चिन्ह टाकतच नाहीत, कारण एकटं ‘?’ त्यांना तुटक वाटतं. म्हणून संख्या मोजण्याआधी हे बघा, की ते चिन्ह कशाला लटकलेलं आहे. नुसत्या चिन्हाला स्वतःचा अर्थ जवळजवळ नसतो. तो अर्थ आधीच्या मेसेजकडून, मध्ये गेलेल्या वेळेकडून आणि पाठवणाऱ्याच्या रोजच्या सवयीकडून येतो.

व्हिक्टर ह्यूगोची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. त्याने म्हणे प्रकाशकाला पुस्तक कसं खपतंय ते विचारायला तारेत नुसतं ‘?’ पाठवलं आणि उत्तर आलं ‘!’. तिला कागदोपत्री आधार सापडत नाही. हीच गोष्ट ऑस्कर वाइल्डच्या नावावरही सांगितली जाते. पण ती का पटते, ते बघण्यासारखं आहे. त्या दोघांमध्ये त्या दिवशी विषयच एक होता. तुमच्या आणि सरांच्या मध्ये एका वेळी पाच गाड्या, तीन बिलं आणि एक परत आलेला माल असतो. तिथे ‘??’ कोणत्या विषयाला चिकटवायचं, खरी अडचण ती आहे. भावना नंतर.

यासाठी एक साधी रीत आहे. चिन्ह आलं की त्याच्यापुढे गळालेला शब्द परत बसवून बघायचा. आपण बोलताना जे म्हणतो तेच शब्द: ‘आँ?’, ‘म्हणजे?’, ‘कुठवर आलं?’, ‘आहेस का?’, ‘खरंच?’, ‘हे काय?’. आधीचा मेसेज वाचायचा आणि यातला कोणता शब्द तिथे बसतो ते पाहायचं. साधारण दोन बसतात, बाकीचे आपोआप गळतात.

तुमच्याच कामातलं उदाहरण घेऊ. सकाळी 10.50 ला सरांचा मेसेज: ‘नाशिकची गाडी निघाली का’. तुम्ही 10.52 ला तो उघडलात, त्यांना निळी टिक दिसली. तुम्ही गेटवर फोन लावलात, ड्रायव्हर चहाला गेला होता, तुम्ही थांबलात. 11.35 ला ‘??’. इथे बसणारा शब्द ‘कुठवर आलं?’ हा आहे. हे आधीच्याच प्रश्नाचं स्मरण आहे, नवा प्रश्न नाही. निळी टिक आणि त्यानंतरची 43 मिनिटांची शांतता यातून ते जन्माला आलं. तुमच्या बाजूने ती 43 मिनिटं धावपळीची होती. त्यांच्या बाजूने कुणीतरी मेसेज वाचून गप्प बसलं होतं.

आता त्याच दिवशी दुपारी 4.10 ला तुम्ही कळवता, ‘नाशिकच्या पार्टीने माल परत पाठवलाय’, आणि त्याच मिनिटाला ‘??’ येतं. चिन्हं तीच, दोनच. पण इथे ‘कुठवर आलं?’ बसत नाही, ‘म्हणजे? का?’ बसतं. वेळ गेलेलाच नाही, त्यामुळे ही आठवण असूच शकत नाही. हे आश्चर्य आहे, आणि ते पार्टीबद्दल आहे, तुमच्याबद्दल नाही. उत्तरात त्यांना कारण हवंय: किती नग, कोणत्या तक्रारीवरून, गाडी आता कुठे आहे.

तिसरा प्रकार फोटोचा. तुम्ही ई-वे बिलाचा फोटो टाकता, खाली काही लिहीत नाही. ‘?’ येतं. म्हणजे ‘यात मी काय बघायचं?’ तुम्हाला गाडीच्या नंबरातली चूक दाखवायची होती, पण त्यांना फक्त एक भरगच्च कागद दिसला. फोटोखाली चार शब्द लिहिले असते, ‘पार्ट बी मध्ये गाडीचा जुना नंबर आहे, बदलू का’, तर हे प्रश्नचिन्ह आलंच नसतं.

चौथा प्रकार सगळ्यांना राग वाटतो आणि नेमका तोच बहुतेक वेळा आपल्या उत्तरातून आलेला असतो. सर विचारतात, ‘गाडी कुठे आहे’. तुम्ही घाईत लिहिता, ‘हो सर’. मग ‘?????’. ‘कुठे’ला ‘हो’ हे उत्तरच नव्हे. लांब ओळ आली की पहिल्यांदा हेच तपासा: आपण विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं का, की भलत्याच गोष्टीचं?

समोरासमोर बोलताना असं क्षणोक्षणी होत असतं, फक्त आपल्या लक्षात येत नाही. नीट ऐकू आलं नाही किंवा समजलं नाही की आपण ‘आँ?’ करतो, समोरचा पुन्हा सांगतो, गाडी पुढे जाते. भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातल्या वेगवेगळ्या भाषांतली साधी संभाषणं तपासली तेव्हा हा ‘आँ?’ सगळीकडे जवळपास सारख्याच आवाजात सापडला. त्या अभ्यासाला 2015 मध्ये इग नोबेल हे गमतीचं पारितोषिकही मिळालं. त्याच गटाच्या पुढच्या कामात 12 भाषांमधल्या गप्पांत अशी दुरुस्ती सरासरी दर दीड मिनिटाच्या आतच कुणीतरी मागत होतं. ‘?’ हा पुष्कळदा तोच ‘आँ?’ असतो. तोंडाने म्हटला तर त्याला कुणी रागावणं म्हणत नाही. लिहिला की त्याच्यातून भुवई, सूर आणि मान हलवणं निघून जातं, आणि उरलेल्या आकड्यात आपण आपल्याला वाटणारी भीती अडकवतो.

सर शब्द का लिहीत नाहीत? त्यांना ते लिहिल्यासारखंच वाटतं म्हणून. पाठवणाऱ्याच्या डोक्यात त्याचा स्वतःचा सूर वाजत असतो, तो समोरच्यालाही ऐकू जातोय अशी त्याची खात्री असते. मानसशास्त्रज्ञ जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये ईमेलबद्दल हेच दाखवून दिलं: आपला उपरोध किंवा गंभीरपणा वाचणाऱ्याला कळेल असं लिहिणाऱ्यांना जितक्या खात्रीने वाटत होतं, तितकं वाचणाऱ्यांना कळत नव्हतं. वाचणारेही तितकेच ठाम होते, ही त्यातली गंमत. म्हणजे ‘त्यांना नक्की राग आलाय’ ही तुमची खात्री आणि ‘मी साधं विचारलं’ ही त्यांची खात्री, दोन्ही एकाच कारणाने पोकळ असू शकतात.

मराठीत याला आणखी एक पदर आहे. आपलं प्रश्नचिन्ह बऱ्यापैकी जादाचं असतं. ‘निघाली का’ यात ‘का’ने प्रश्न विचारून झालेला असतो, म्हणून चॅटमध्ये अनेकजण शेवटी चिन्ह देतच नाहीत. मोडी लिपीत तर विरामचिन्हं नव्हतीच. आजची चिन्हं इंग्रजीच्या वाटेने एकोणिसाव्या शतकात आली आणि ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. जिथे चिन्हाची गरज नसते तिथे एकटं चिन्ह आलं की ते जास्त टोचतं.

आता उत्तर कसं द्यायचं.

सॉरी आधी नको. तिने दोन नुकसानं होतात: समोरच्याला हवी ती माहिती मिळत नाही, आणि जी चूक झालेलीच नाही ती लेखी कबूल झाल्यासारखी दिसते. ‘काय झालं सर?’ हेही टाळा, कारण मग प्रश्न पुन्हा त्यांच्याकडे जातो आणि त्यांना मुळातलं सगळं टाइप करावं लागतं. आळस हेच ज्यांचं मूळ कारण, त्यांच्याकडून तुम्ही निबंध मागताय. ‘?’ला ‘?’ने उत्तर तर मुळीच नको.

शब्द बसवून झाल्यावर अर्थ कळला असेल तर थेट कामाचं उत्तर द्या, आणि त्यात पुढची वेळ सांगा. ‘ड्रायव्हर आत्ता आला, गाडी 11.45 पर्यंत गेटबाहेर पडेल, पडली की कळवते.’ एवढं पुरे. उशिराचं कारण एका अर्ध्या वाक्यात येऊ द्या, परिच्छेदात नाही. आणि 11.45 ला गाडी निघाली नाही तरी मेसेज कराच. दिलेली वेळ चुकली आणि तुम्ही गप्प राहिलात तर पुढची प्रश्नचिन्हं तुम्ही स्वतः मागवलेली असतात.

अर्थ कळलाच नाही, किंवा दोन अर्थ सारखेच बसतात, तर दोन्ही पर्याय तुम्हीच मांडा: ‘सर, गाडीबद्दल विचारताय की बिलाबद्दल?’ त्यांना ‘बिल’ एवढं एका शब्दाचं उत्तर देता येतं. कमी टाइप करणाऱ्या माणसाकडून स्पष्टता काढायची ही सगळ्यात स्वस्त पद्धत आहे.

पण या सगळ्याच्या आधीचा उपाय जास्त चालतो. मेसेज उघडला आणि उत्तर हाताशी नसेल, तर तेव्हाच लिहा: ‘बघते, 12 पर्यंत सांगते.’ आठवणीची ‘??’ बहुतेक वेळा निळी टिक आणि उत्तर यांच्या मधल्या रिकाम्या जागेत उगवतात. काहीजण त्यावर निळी टिकच बंद करतात. तुमच्या बाबतीत त्याने फारसं साधणार नाही. मग त्यांना तुम्ही वाचलं की नाही हेही कळणार नाही आणि विचारणा आणखी लवकर येईल. शिवाय ग्रुपवर ती सोय लागू होत नाही, तिथे मेसेज कुणी वाचला ते दिसतंच.

सरांशी बोलावं का? बोला, पण सुरावर नाही. ‘तुमच्या प्रश्नचिन्हांचं मला टेन्शन येतं’ हे खरं असलं तरी त्यावर ते फार तर ‘अहो, मी सहज पाठवतो’ म्हणतील आणि विषय संपेल. कामाच्या बाजूने बोला: ‘सर, एका वेळी चार-पाच गाड्या असतात, नुसतं ‘??’ आलं की कोणत्या गाडीचं ते शोधण्यात वेळ जातो. त्या मेसेजवरच रिप्लाय करून टाकाल का?’ हे मागणं छोटं आहे. मूळ मेसेज उजवीकडे सरकवला की तो उद्धृत होतो आणि त्याखाली ‘??’ टाकता येतं. त्यांना एकही शब्द जास्त लिहावा लागत नाही, आणि चिन्ह कशाला लटकलंय ते तुम्हाला आयतं कळतं. सवय बदला म्हणण्यापेक्षा सवयीला खुंटी द्या.

खरोखर राग असतो तेव्हा तो कसा ओळखायचा? त्यांची रोजची सवय मोजपट्टी म्हणून घ्या. जे नेहमीच पाच टाकतात त्यांची पाच म्हणजे काही नाही. जे कायम पूर्ण वाक्य लिहितात त्यांच्याकडून अचानक एकटं ‘?’ आलं, तर तिथे थांबून विचार करा. तुमचं नीट, पूर्ण उत्तर गेल्यावरही पुन्हा चिन्हंच येत राहिली, किंवा एरवी खासगीत विचारणारा माणूस सगळ्यांच्या ग्रुपवर नुसती चिन्हं टाकायला लागला, तर ते साधं स्मरण नाही. तेव्हा टाइप करू नका, फोन उचला. आणि रात्री अकरा-बाराला रोज अशी चिन्हं येत असतील तर तो प्रश्न विरामचिन्हांचा उरत नाही, कामाच्या वेळेचा होतो. तो तारखा-वेळा लिहून त्याच नावाने मांडायचा.

आता आई. इथे प्रकरण जास्त मजेदार आहे.

शाळेत आपण केवलप्रयोगी अव्ययं शिकलो: हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, प्रशंसादर्शक, विरोधदर्शक, तिरस्कारदर्शक आणि आणखी काही. ‘अहाहा’, ‘अरेरे’, ‘अबब’, ‘शाब्बास’, ‘छे’, ‘शी’. या सगळ्यांपुढे चिन्ह मात्र एकच: ‘!’. शब्द होता तोवर भाव शब्दाने सांगितला, चिन्हाने फक्त आवाज चढवला. आता शब्द काढून घेतला आणि चढलेला आवाज तेवढा शिल्लक ठेवला, तर ‘अहाहा’ आणि ‘शी’ यांच्यात फरक करायला काहीच उरत नाही. म्हणून उद्गारचिन्हांची ओळ प्रश्नचिन्हांच्या ओळीहून जास्त संदिग्ध असते. प्रश्नचिन्ह निदान उत्तर मागतं. उद्गारचिन्ह काहीच मागत नाही.

तरी शब्द बसवायची रीत इथेही चालते. तुम्ही मुलाचा नव्या गणवेशातला फोटो पाठवलात आणि सहा उद्गारचिन्हं आली, तर ‘अगं बाई, किती मोठा झाला!’ हे बसतं. तुम्ही ‘या दिवाळीला यायला जमेल असं वाटत नाही’ लिहिलंत आणि तीच सहा आली, तर ‘अगं काय हे!’ बसेल. मधल्या मेसेजला, म्हणजे ‘आज घरी पोचायला नऊ वाजले’ वगैरेला, दोन्ही बसतात: ‘अरेरे’ही आणि ‘छे’ही. तिथे तुम्ही टोमणा निवडताय, आणि तो आईने पाठवलाय की तुमच्या दमलेल्या मनाने, हे चिन्हावरून ठरणार नाही.

आईच्या पिढीचा आणि ‘!!’चा आणखी एक संबंध आहे. लग्नपत्रिकेवर, दुकानाच्या पाटीवर, ट्रकच्या कपाळावर ॥ श्री ॥ लिहितात ते दोन उभ्या दंडांमध्ये. मोबाइलच्या कीबोर्डवर तो दुहेरी दंड पटकन सापडत नाही, म्हणून सकाळच्या मेसेजमध्ये ‘!! श्री स्वामी समर्थ !!’ असं लिहिण्याची पद्धत पडली. दंडाच्या जागी उद्गारचिन्ह बसलं. त्या मेसेजेसच्या सहवासात रोज असणाऱ्या माणसाला ‘!!’ ओरडल्यासारखं वाटत नाही, शुभ वाटतं, सजवल्यासारखं वाटतं. तुमच्या आईचं तसंच असेल असा दावा नाही. पण वाढदिवसाला, पूजेच्या फोटोला, मुलाच्या बक्षिसाला तिची ओळ येत असेल, तर ती टोमण्याची शक्यता फार कमी.

खात्री करायची असेल तर चॅटवर विचारू नका. ‘म्हणजे काय गं?’ असं लिहिलंत की तेही शब्दच, सूर नाही. पुढच्या फोनवर सहज म्हणा, ‘आई, काल तू सहा उभ्या रेघा पाठवल्यास, त्या कौतुकाच्या होत्या ना?’ ती हसेल किंवा खरं बोलेल. आणि हवं तर घरापुरता ठराव करा. बुद्धिबळात अशी चिन्हं ठरावानेच चालतात: चाल लिहून पुढे ‘!’ म्हणजे चांगली चाल, ‘?’ म्हणजे चूक, ‘??’ म्हणजे घोडचूक, ‘!?’ म्हणजे विचार करण्याजोगी आणि ‘?!’ म्हणजे संशयास्पद. जगातला कुठलाही खेळाडू ते एकाच अर्थाने वाचतो. घरी इतका काटेकोरपणा नको. ‘पोचलीस की एक “!” टाक’ एवढा ठराव केला तरी त्या एका रेघेला पक्का अर्थ मिळतो.

लाल रंगाचं ठसठशीत ❗ मात्र वेगळं धरा. कीबोर्ड ते सुचवतो आणि माणसं बोट लावतात. दिसायला ते धोक्याच्या पाटीसारखं दिसतं, पाठवणाऱ्याच्या मनात तसं काही नसतं. आणि तुमच्याच मेसेजच्या बाजूला लाल वर्तुळात ‘!’ दिसलं तर ते कुणीच पाठवलेलं नसतं, तुमचा मेसेज गेलेला नाही एवढंच ते सांगतं.

मैत्रिणीच्या बाबतीत बाजू उलटी आहे: पाठवणाऱ्या तुम्ही. तुम्ही कशाबद्दल विचारत होता ते पत्रात नाही, पण ती दोन दिवस बोलली नाही याचा अर्थ तिने ‘?’पुढे ‘उत्तर का देत नाहीस?’ हा शब्द बसवला असणार. तुमच्या मनात कदाचित ‘आहेस ना?’ होतं. उशिरा उत्तर देणाऱ्या माणसाच्या मनात आधीच थोडी अपराधी भावना असते, तिच्यावर एकटं ‘?’ बरोबर जाऊन बसतं. तुम्हाला सरांचं ‘??’ जसं बसतं, अगदी तसंच. आठवण द्यायची तर विषयासकट द्या, आणि तिला न उत्तर देण्याचीही सोय ठेवा: ‘शनिवारच्या नाटकाची तिकिटं आज रात्री काढते. तुझं काढू का? नऊपर्यंत काही कळलं नाही तर माझं एकटीचं काढते, नंतर बघू.’

चुकून नुसतं ‘?’ गेलंच तर ते सगळ्यांसाठी डिलीट करू नका. ‘हा मेसेज डिलीट केला’ ही खूण मागे राहते आणि ती प्रश्नचिन्हाहून वाईट. आता समोरचा काय पुसलं याचा अंदाज बांधत बसतो. व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवल्यापासून 15 मिनिटांत तो बदलता येतो. मेसेज दाबून धरा, एडिट निवडा आणि चिन्हाच्या जागी पूर्ण प्रश्न लिहा. बदलल्याची बारीक खूण दिसते, ती दिसू द्या. 15 मिनिटं उलटली असतील तर खाली शब्दांत प्रश्न लिहा आणि मोकळ्या व्हा.

नुसत्या टिंबांबद्दल पत्रात काही नाही, पण तेही येत असणार. ‘...’ ही जुन्या वळणाच्या लोकांची श्वास घेण्याची जागा असते, तरुणांना तिथे रुसवा दिसतो. आणि वाक्याअखेरचा साधा पूर्णविराम: न्यूयॉर्कच्या बिंगहॅम्टन विद्यापीठात सेलिया क्लिन यांच्या गटाने विद्यार्थ्यांना छोटे मेसेज दाखवले तेव्हा एका शब्दाच्या उत्तरापुढे पूर्णविराम असला की ते उत्तर कमी मनापासूनचं वाटलं, हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत तोच पूर्णविराम कुणाला खटकला नाही. सरांच्या ‘ठीक आहे.’ मधलं टिंब म्हणूनच फार मनावर घेऊ नका. ते शाळेत शिकवल्याप्रमाणे लिहीत असतील.

राहिली मुलाची शाळा. ती प्रश्नचिन्हं भावना नाहीतच, तो तांत्रिक बिघाड आहे, आणि तो ओळखता येतो. देवनागरी मजकूर जेव्हा देवनागरी न ओळखणाऱ्या यंत्रणेतून जातो तेव्हा प्रत्येक न कळलेल्या चिन्हाच्या जागी ‘?’ बसतो. मोकळ्या जागा, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मात्र जशीच्या तशी राहतात. म्हणून ओळ अशी दिसते:

```
??????? 10 ????? ???? ???
```

हा मुळात ‘शनिवारी 10 वाजता पालक सभा’ असा मेसेज आहे. मोजून बघा: ‘शनिवारी’ची सात चिन्हं, कारण इथे काना आणि वेलांटी वेगळी मोजली जाते (श, न, ि, व, ा, र, ी), ‘वाजता’ची पाच, ‘पालक’ची चार, ‘सभा’ची तीन. रागाने टाकलेली प्रश्नचिन्हं सलग असतात. बिघडलेल्या मराठीत ती शब्दांसारखी तुटलेली असतात आणि मध्ये एखादा आकडा शाबूत सापडतो. तो आकडा बहुतेक वेळा तारीख, वेळ किंवा फीची रक्कम असतो, तेवढं टिपून घ्या.

यात तुमच्या फोनमध्ये कुठलंही सेटिंग बदलून उपयोग नाही, फाँट टाकूनही नाही. फाँट नसेल तर चौकोन दिसतात, ‘?’ दिसतो तेव्हा मूळ अक्षर वाटेतच पुसलं गेलेलं असतं आणि तुमच्यापर्यंत आलेलंच नसतं. शाळेच्या ऑफिसात मेसेजचा स्क्रीनशॉट दाखवा आणि सांगा, की एकगठ्ठा एसएमएस पाठवणाऱ्या सेवेत मेसेजचा प्रकार ‘टेक्स्ट’ ऐवजी ‘युनिकोड’ निवडायला हवा. त्यात एका एसएमएसमध्ये 160 ऐवजी 70च अक्षरं बसतात, लांब मेसेजला दोन-तीन एसएमएसचे पैसे पडतात. काही ठिकाणी नेमक्या त्याच कारणाने तो पर्याय बंद ठेवलेला असतो. शाळेला तो खर्च नको असेल तर रोमन लिपीत ‘Shanivari 10 vajta palak sabha’ असं पाठवायला सांगा. तोवर प्रश्नचिन्हांची अशी ओळ आली की दुसऱ्या एखाद्या पालकाला विचारू नका, त्यांच्याकडेही तीच आलेली असेल. वर्गशिक्षकांना फोन करा.